वार्षिक मेंटेनन्सचा करार गोडीत कसा संपवावा

तालुक्याच्या गावात छोटी फर्म चालवणाऱ्याला ग्राहक कायमचा तोडून चालत नाही. आज ज्या जिनिंगचं काम सोडाल, तिचे शेठजी उद्या कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसतात, आणि परवा त्यांच्याच साडूच्या दालमिलचं पॅनेल बसवायचं निघतं. म्हणून बरेच जण करार सोडतच नाहीत. तोट्यात ओढत राहतात, फोन उचलायला उशीर करतात, पोऱ्याला पाठवतात, आणि शेवटी शेठजीच वैतागून काढून टाकतात. दोन्हीकडून नाव खराब होतं ते असं.

मी हिंगणघाट-समुद्रपूर भागातल्या छोट्या फर्मांचे हिशेब आणि जीएसटी पाहतो. करार संपवायची वेळ आली की कागद माझ्याकडे येतात, त्यामुळे कुठे गाडी अडते ते ठाऊक झालंय. इथे एकच उदाहरण घेऊन सगळ्या पायऱ्या सांगतो. फर्म आणि आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण असा हिशेब आपल्या भागात कुणाच्याही वहीत सापडेल.

धरून चाला की हिंगणघाटात दोन भागीदारांची इलेक्ट्रिकल फर्म आहे. वणीकडच्या एका जिनिंगशी बऱ्याच वर्षांपासून वार्षिक मेंटेनन्सचा करार आहे. मोटारी, पॅनेल, कॅपॅसिटर बँक, अर्थिंग हे सगळं बघायचं आणि बिघाड झाला की धावायचं. वर्षाचे ९६,००० रुपये, वर जीएसटी. करार १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा चालतो, कारण कधीकाळी तो दसऱ्याच्या तोंडावर झाला होता.

आधी वहीतून हिशेब काढा

करार परवडत नाही असं नुसतं वाटणं पुरेसं नाही, कारण शेठजी पहिला प्रश्न पैशाचाच विचारतील. मागच्या वर्षीच्या फेऱ्या मोजा. आपल्या उदाहरणात सीझनच्या सहा महिन्यांत महिन्याला दोन आणि उरलेल्या सहा महिन्यांत एक, म्हणजे ठरलेल्या १८ फेऱ्या. शिवाय बिघाडाचे बोलावणे २६. एकूण ४४. एका फेरीला डिझेल साधारण ९००, दोन माणसांचा दिवस १,७०० आणि जेवण, चहा, किरकोळ मिळून ४००, म्हणजे ३,००० रुपये. वर्षाचा खर्च १,३२,००० आणि करारातून मिळकत ९६,०००. घरचे ३६,००० जातात.

पण त्याच शेठजींची दुसरी बिलंही बघा. पावसाळ्यात जिनिंग बंद असतं तेव्हा मोटारींचं रिवाइंडिंग, बेअरिंग बदलणं, पॅनेलचं काम हे सगळं ओव्हरहॉलिंगमध्ये वेगळ्या बिलावर होतं. त्यात आपल्या फर्मला समजा ६०,००० सुटतात. म्हणजे ग्राहक वाईट नाहीच, वार्षिक करार वाईट आहे. हे एकदा कागदावर दिसलं की पुढचं बोलणं फार सोपं होतं, कारण काय सोडायचं आणि काय ठेवायचं ते नेमकं कळतं. रात्री-बेरात्री धावण्याची बांधिलकी सोडायची, पावसाळ्याचं काम ठेवायचं. 'पुढे संबंध राहू द्या' असं मोघम म्हणण्यापेक्षा 'मेमध्ये ओव्हरहॉलिंगचं कोटेशन देतो' म्हणता आलं पाहिजे.

याच कागदाच्या तळाला अजून एक आकडा लिहून ठेवा: किती रुपये मिळाले तर आपण करार चालू ठेवू? खर्च आणि थोडी मजुरी धरून समजा १,६०,०००. तेवढे मिळाले तरी सीझनमध्ये जवळचे ग्राहक ताटकळत ठेवून तिकडे धावायची तयारी नसेल, तर हा आकडा खोडून टाका आणि 'कोणत्याही दरात नाही' असं लिहा. हे घरीच ठरवायचं. शेठजींच्या गादीसमोर बसून ठरवलं तर माणूस हमखास लाजेखातर हो म्हणून येतो.

एक वाट बरेच जण सुचवतात ती मला पटत नाही. दर एकदम दुप्पट सांगायचा, म्हणजे समोरचा आपणच नाही म्हणेल. शेठजी नाही म्हणतात हे खरं, पण 'हा माणूस लुटायला निघाला' असं पक्कं धरून. मग ओव्हरहॉलिंगचं कोटेशनही त्याच नजरेने वाचलं जातं.

करार काढा आणि दोनच कलमं शोधा

पहिलं कलम सूचनेच्या मुदतीचं. दुसरं, मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालतो का, याचं. आपल्या उदाहरणात लिहिलंय की ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आणखी एक वर्ष चालू राहील. ३० सप्टेंबरला संपवायचा तर सूचना १ ऑगस्टच्या आत पोचली पाहिजे. लिहिली असून चालत नाही, पोचली पाहिजे. पावसाळ्यातल्या कामांच्या धामधुमीत ही तारीख हातची गेली की पुढच्या सप्टेंबरपर्यंत अडकलात.

सूचना कशी द्यायची हेही बघा. जुन्या करारांत 'रजिस्टर पोस्टाने' असं असतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलंय, तेव्हा आता स्पीड पोस्ट करा आणि पोचपावती जपून ठेवा. त्याशिवाय पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर जिनिंगच्या ऑफिसचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. मुनीमजी शिक्का मारायला कधी नाही म्हणत नाहीत.

करार कधीच कागदावर झाला नसेल, नुसता शब्दावर आणि दरमहा बिलावर चालला असेल, तर सूचनेची मुदत ठरलेली नसते. अशा वेळी वाजवी मुदत द्या. नवीन माणूस शोधून त्याला पॅनेल ओळखीचं होईल इतकी. जिनिंगसाठी दोन महिन्यांपेक्षा कमी मी कधी सुचवत नाही.

मुदतीच्या मधेच सोडायची वेळ आली, तर एकतर्फी पत्र देण्यापेक्षा दोघांच्या सहीचा एक साधा कागद करा: 'अमुक तारखेला करार परस्पर संमतीने संपला, त्यानंतर दोघांचीही एकमेकांवर कराराची कोणतीही जबाबदारी नाही, फक्त बाकी येणं तेवढं द्यायचं.' भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून करार रद्द केला की तो पार पाडायची गरज उरत नाही. करारात दंडाचं कलम असेल तर असा कागद करण्याआधी वकिलाला दाखवा.

वेळ: मे-जूनमध्ये सांगा, सप्टेंबरअखेर संपवा

या सगळ्या प्रकरणात गोडी टिकते की जाते हे शब्दांपेक्षा तारखेवर जास्त ठरतं. दसरा-दिवाळीपासून कापूस यायला लागतो. काटापूजन झालं की जिनिंग दिवसरात्र चालतं, एक मोटार बसली तर अंगणात कापसाच्या गाड्या उभ्या राहतात आणि शेतकरी ओरडायला लागतात. अशात मेंटेनन्सवाला 'आम्ही सोडतो' म्हणाला तर त्याचं कारण कितीही खरं असो, शेठजींच्या लेखी तो ऐन वेळी पळालेला माणूस असतो. हे नाव दहा वर्षं चिकटतं.

म्हणून कापूस संपला, सरकी उचलली गेली, हिशेब शांत झाले की मग जायचं. मेअखेर किंवा जूनचा पहिला आठवडा. तेव्हा सांगितलं तर शेठजींच्या हातात जवळजवळ चार महिने राहतात, आणि आपणही यंदाचं ओव्हरहॉलिंग नीट करून देऊ शकतो. शेवटचं काम उत्तम झालं पाहिजे, कारण पुढचा इलेक्ट्रिशियन पॅनेल उघडून शेठजींना काय दाखवेल त्यावर तुमचं नाव ठरतं. लूज टर्मिनल आणि जळकी वायर सापडली तर गोड पत्र वाया गेलंच म्हणून समजा.

आधी भेट, मग पत्र

पत्र आधी पाठवणं हा अपमान समजला जातो. फोनवर सांगणंही तसंच. सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत, आणि शेठजींनाच भेटा. मॅनेजर रोजच्या ओळखीचा असला तरी त्याच्या कानावर आधी घालू नका. तसंच आपल्या हेल्परला आदल्या दिवशी सांगू नका. तो चहाच्या टपरीवर बोलेल आणि तुम्ही पोचायच्या आत बातमी पोचलेली असेल.

बोलणं लांबवायचं नाही. पाणी आलं, ख्यालीखुशाली झाली की विषय काढा. साधारण असं:

'काकाजी, एक गोष्ट समोर बसून सांगायची होती. वार्षिक करार आम्ही ३० सप्टेंबरपर्यंतच चालवू शकतो. पुढचा करार नाही करणार.'

'काहून भाऊ? काही चुकलं का आमचं?'

'तुमचं काहीच नाही जी. अंतर लय पडते. मागच्या वर्षी ४४ फेऱ्या झाल्या. सीझनमध्ये तुमचा फोन येते अन् आमी दोन-दोन तास रस्त्यातच राहतो. तुमचं मशीन तेवढा वेळ बंद. हे तुमालेही बरोबर नाही अन् आमालेही पुरत नाही.'

इथे कारण खरं सांगितलंय, पैशाचीही गोष्ट दडवली नाही, आणि ग्राहकाचं नुकसान कसं होतंय तेही आलंय. खोटं कारण सांगू नका. 'भागीदाराची तब्येत बरी नाही' म्हणालात आणि महिन्याभराने तोच भागीदार हिंगणघाटच्या बाजारात तारेची बंडलं चढवताना दिसला, तर संपलं. आपल्याकडे सगळे सगळ्यांना दिसतात. तक्रारींची यादीही बाहेर काढू नका. बिल उशिरा मिळतं, वॉचमन अरेरावी करतो, वगैरे. सोडून जाताना काढलेली जुनी तक्रार भांडण वाटते.

पुढे शेठजी तीनपैकी एक काहीतरी म्हणतील.

बहुतेक वेळा: 'पैसे वाढवून घ्या ना, त्यात काय!' याच्यासाठीच घरी आकडा लिहिला होता. दर वाढवून करायची तयारी असेल तर तिथेच स्पष्ट १,६०,००० सांगा आणि फेऱ्यांची मर्यादाही सांगा. ते खरोखर कबूल झाले तर करार संपवायची गरज राहत नाही, नवा करार करा. तयारी नसेल तर म्हणा, 'पैशानं अंतर कमी होत नाही काकाजी, मी घेतले अन् पोचलो नाही तर तुमचंच नुकसान.' एवढं बोलून थांबा. 'बघतो', 'विचार करून सांगतो' हे शब्द तोंडातून काढू नका. ते ऐकून शेठजी नवीन माणूस शोधणार नाहीत, आणि सप्टेंबरमध्ये तुम्हीच फसाल.

कधी: 'एवढं वर्ष काढा, पुढच्या वर्षी पाहू.' याला उत्तर नव्या वर्षाने द्यायचं नाही, मदतीने द्यायचं: 'वर्ष नाही जमत, पण नवा माणूस बसवून देतो.' आणि कधी शेठजी गप्प होतात किंवा चिडतात. तेव्हा समजूत घालत बसू नका. चहा घ्या, 'पत्र आणून देतो, काम सप्टेंबरपर्यंत जसं आहे तसंच चालणार' एवढं सांगून उठा. राग दोन-चार दिवसांत उतरतो. पुढच्या ठरलेल्या फेरीला माणूस वेळेवर पोचला की निम्मा तर तेव्हाच जातो.

पत्र

भेटीनंतर दोन-तीन दिवसांत पत्र द्या. ऊब आणायच्या नादात लोक पत्र इतकं गुळगुळीत लिहितात की करार संपला की नाही तेच कळत नाही. 'अपरिहार्य कारणास्तव तूर्तास सेवा देण्यास असमर्थ असून भविष्यात सेवेची संधी द्यावी.' यात शेवटची तारीख कुठे आहे? 'तूर्तास' म्हणजे कधीपर्यंत? दिवाळीत फोन आला की 'तुमी तर तूर्तास म्हणले होते' हेच ऐकावं लागेल. तारीख, कराराचा संदर्भ आणि 'नूतनीकरण करणार नाही' हे शब्द स्वच्छ असू द्या. गोडवा बाकीच्या वाक्यांत आणा, आणि तोही त्यांच्याच कारखान्यातल्या खऱ्या गोष्टीतून.

असं काहीसं:

> दिनांक: ८ जून
>
> प्रति, मा. संचालक, (जिनिंगचे नाव व पत्ता)
>
> विषय: वार्षिक विद्युत देखभाल कराराचे नूतनीकरण न करण्याबाबत
> संदर्भ: आपल्यातील करार, दिनांक (…), कलम क्र. (…)
>
> आदरणीय काकाजी,
>
> परवा भेटीत बोलल्याप्रमाणे हे पत्र देत आहोत. वरील कराराची चालू मुदत ३० सप्टेंबर रोजी संपते. त्यानंतर आम्ही कराराचे नूतनीकरण करणार नाही. करारातील ६० दिवसांच्या लेखी सूचनेसाठी हेच पत्र ग्राह्य धरावे.
>
> अंतरामुळे सीझनमध्ये आपल्याकडे वेळेत पोचणे आम्हाला जमत नाही, आणि जिनिंग चालू असताना उशीर परवडत नाही हे आपण जाणताच. आमची फर्म नवी होती तेव्हा आपण पहिले मोठे पॅनेल आमच्या हाती दिले. ते आजही चालू आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.
>
> ३० सप्टेंबरपर्यंत ठरलेल्या सर्व फेऱ्या आणि बिघाडाची कामे नेहमीप्रमाणे होतील. यंदाचे ओव्हरहॉलिंग ऑगस्टअखेर पूर्ण करून देऊ. आपण नवीन कंत्राटदार नेमल्यावर सप्टेंबरमध्ये दोन दिवस त्यांच्यासोबत थांबून सर्व माहिती देऊ. त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.
>
> पावसाळ्यातील ओव्हरहॉलिंग, मोटार रिवाइंडिंग आणि नवीन पॅनेलची कामे आम्ही पुढेही आनंदाने करू. पुढील वर्षी मे महिन्यात त्याचे कोटेशन आपल्याकडे पाठवू.
>
> आपले नम्र,
> (दोन्ही भागीदारांच्या सह्या व शिक्का)

करार इंग्रजीत असेल तर हेच पत्र इंग्रजीतही जोडा, म्हणजे मुनीमजींच्या फाइलीत ते कराराशेजारी बसेल. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला हरकत नाही, पण शिक्क्याची प्रत आल्यावर.

पत्रात थकबाकीचा उल्लेख केलेला नाही, तो मुद्दामच. समजा तीन महिन्यांचे २४,००० यायचे आहेत. आभाराच्या शेवटी 'बाकी रक्कम त्वरित अदा करावी' आलं की वरचं सगळं पत्र वसुलीची नोटीस होऊन जातं. खात्याचा उतारा वेगळा काढा, वेगळ्या दिवशी मुनीमजींकडे द्या, आणि त्यावर 'बाकी बरोबर आहे' अशी सही घ्या. ही सही मैत्रीतही घ्यावी. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि ती संपायच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली की त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. फर्म उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर ग्राहकाने ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्यानेही बंधनकारक आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. हे माहीत असू द्या, निरोपाच्या वेळी तोंडावर फेकू नका.

शेवटच्या महिन्यात अजून दोन गोष्टी तपासा. करार आणि ओव्हरहॉलिंगची बिलं मिळून वर्षाला एक लाखाच्या वर गेली असतील तर शेठजींनी टीडीएस कापलेला असणार. तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनला जमा दिसतो का ते संबंध गोड असतानाच बघा. आणि काही रक्कम आगाऊ घेऊन त्यावर जीएसटीचं बिल फाडलं असेल आणि आता ती परत करायची असेल, तर नुसते पैसे परत करू नका, क्रेडिट नोट काढा. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोवर, ती दाखवावी लागते. नाहीतर भरलेला कर अंगावर पडतो.

हवाली करणं

एक साधी फाइल बनवा. मोटारींची यादी: कुठली, किती एचपी, बेअरिंग नंबर, शेवटचं रिवाइंडिंग कधी. पॅनेलचं हाताने काढलेलं का होईना पण खरं ड्रॉइंग. ओव्हरलोड रिलेच्या सेटिंग. कॅपॅसिटर बँकेत किती केव्हीएआरचे किती युनिट आणि कुठलं कधी बदललं. मेगरचं शेवटचं रीडिंग आणि अर्थ पिटचं रीडिंग, तारखेसह. व्हीएफडीला पासवर्ड घातला असेल तर तो. कपाटात आपले पडलेले स्पेअर उचला, त्यांचे असतील ते मोजून द्या. फाइलीच्या दोन प्रती करून एकीवर सही घ्या.

सप्टेंबरचं वीजबिल आलं की त्याचा फोटोही या फाइलीत टाका. त्यावर पॉवर फॅक्टर छापलेला असतो. ज्या कारखान्याला केव्हीएएचवर बिल येतं तिथे पॉवर फॅक्टर घसरला की तेवढंच मशीन चालवून युनिट जास्त पडतात. डिसेंबरमध्ये एखादा कॅपॅसिटर उडाला आणि बिल फुगलं, तर पहिलं नाव जुन्या माणसाचंच निघतं. करार संपताना आकडा काय होता हे फाइलीत असलं की वाद दोन मिनिटांत मिटतो.

नवीन माणूस सुचवायचा तर वणी-मारेगावकडचाच सुचवा आणि एक नाही, दोन नावं द्या, म्हणजे निवड शेठजींची राहते. विद्युत कंत्राटदाराचं लायसन्स आहे का ते आधी विचारा, आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचा नंबर देऊ नका. त्याच्याकडून कमिशन घ्यायचं नाही. घेतलंत तर त्याच्या प्रत्येक चुकीचे वाटेकरी व्हाल.

शेवटच्या फेरीत पॅनेलचं दार उघडून आतली बाजू बघा. तिथे मार्करने किंवा स्टिकरवर तुमचा मोबाईल नंबर असतो, धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी अर्धा झाकलेला. रात्रपाळीचा फिटर करार वाचत नाही, तो हा नंबर लावतो. स्टिकर खरवडून काढा आणि नव्या माणसाचा नंबर तुम्हीच चिकटवा. फिटरला समोर बोलावून सांगा, 'आता हे दादा येतील.' काम आपण मनानेच सोपवल्यासारखं दिसतं, आणि रात्री दोनचा फोनही वाचतो.

ऑक्टोबरनंतर फोन येतीलच

पहिला महिना फोनवर सांगायचं असेल ते मोकळेपणाने सांगा. कुठला फ्यूज, कुठली रिले, विचारतील ते. त्याचे पैसे नाहीत. पण प्रत्यक्ष जायचं झालं तर त्याचा दर आधीच ठरलेला असू द्या, समजा एका फेरीला ३,५०० आणि सामान वेगळं, आणि फोनवरच सांगा: 'काकाजी, नव्या भाऊंना आधी बोलवा. त्यांना नाही जमलं तर येतो, फेरीचे साडेतीन हजार होतील.' संकोचाने फुकट गेलात की पुढच्या फोनला कुणी नव्या माणसाला बोलावणारच नाही. त्याच्या पोटावर पाय येतो आणि तुमचा करार कागदावर संपून प्रत्यक्षात चालूच राहतो. गेलात तर त्या फेरीचं वेगळं बिल करा, त्यावर 'एकवेळ काम' लिहा. जुन्या मासिक बिलाच्या नमुन्यावर चुकूनही फाडू नका, कारण मुदतीनंतरही तशीच बिलं निघत राहिली तर करार पुढे चालूच होता असं म्हणायला जागा मिळते.

नव्या माणसाच्या कामाबद्दल विचारलं तर वाईट बोलू नका, आणि उगाच वाहवाही नको. 'पॅनेल त्याला दाखवलंय, शिकेल' एवढं पुरतं.

दसऱ्याला किंवा जिनिंगच्या काटापूजनाला आमंत्रण आलं तर जा. नारळ घेऊन जा, कामाचं बोलू नका. नाही आलं तर फोन करून शुभेच्छा द्या. मग थेट मेमध्ये ओव्हरहॉलिंगचं कोटेशन पाठवा, पत्रात म्हटलं होतं त्याच महिन्यात. कोटेशनमध्ये मागच्या वर्षीच्या फाइलीतल्या मोटारींचा उल्लेख करा: अमुक मोटारीचं बेअरिंग यंदा बघावं लागेल, तमुक कॅपॅसिटर बदलायला आलाय. हे आकडे नव्या माणसाकडेही आहेत, पण ते कोणी जमवले हे शेठजींना ठाऊक असतं.

आणि कधी शेठजीच परत म्हणाले, 'भाऊ, तुमीच घ्या ना पुन्हा वर्षाचं', तर जुना करार काढून त्यावर फक्त तारीख बदलू नका. नवा कागद करा. त्यात ठरलेल्या फेऱ्या किती, बिघाडाच्या किती फेऱ्या दरात धरल्या आणि त्यावरच्या प्रत्येक फेरीला किती, हे आकड्यात लिहा. मुदत ३० जूनला संपेल अशी ठेवा, म्हणजे पुढे कधी सोडायचं झालंच तर सीझन डोक्यावर नसेल. आपोआप पुढे चालणारं कलम मात्र काढून टाका.